कायद्याआधीची दहा वर्षे : तंजावूरच्या खोऱ्यातील कमाल जमीनधारणेचा इतिहास

तंजावूर शहराच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. नावाचा अर्थ 'पवित्र पाच नद्या'. संत त्यागराजांची समाधी येथे असल्यामुळे संगीतप्रेमी मराठी मंडळींना हे नाव परिचित असते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या परिसरात आणखी एक ओळखीची खूण सापडते, ती म्हणजे 'मिरासदार' हा शब्द. सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात व्यंकोजीराजांनी स्थापन केलेले मराठा राज्य 1855 मध्ये संपुष्टात आले. परंतु वंशपरंपरेने जमिनीचा हक्क सांगणाऱ्या मालकाला मिरासदार म्हणण्याची रीत महाराष्ट्राप्रमाणेच कावेरीच्या खोऱ्यातही विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. तेथे जमीन मोजली जाई ती 'वेली'त. एक वेली म्हणजे सुमारे पावणेसात एकर. कालव्याच्या पाण्यावर भाताची दोन पिके देणारी ही जमीन होती. ती ज्याच्या नावावर होती तो बहुधा नांगराला हात लावीत नसे, आणि जो चिखलात उभा राहून लावणी करी त्याच्या नावावर बहुधा काहीच नसे. मालकाच्या शेताशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या अशा मजुराला तमिळमध्ये 'पण्णैयाळ' म्हणत. पण्णै म्हणजे शेत आणि आळ् म्हणजे माणूस.

ही विषमता कमी करण्यासाठी स्वतंत्र भारतात जो सर्वांत महत्त्वाकांक्षी उपाय योजला गेला तो म्हणजे कमाल जमीनधारणेचा कायदा. एका कुटुंबाने किती जमीन ठेवावी याची मर्यादा ठरवायची, तिच्यावरची जमीन शासनाने घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची, असा त्याचा सरळ हिशेब होता. हा हिशेब तंजावूरमध्ये का चुकला, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कलमांइतकेच कायदा येण्याच्या आधीच्या दहा वर्षांत शोधावे लागते.

ही दहा वर्षे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल. 1949 मध्ये काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीने आपला अहवाल सादर केला. या समितीचे अध्यक्ष जे. सी. कुमारप्पा, त्यांचा जन्म तंजावूरचाच, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. जमीनधारणेला वरची मर्यादा असावी अशी शिफारस त्या अहवालात होती. पहिल्या पंचवार्षिक योजनेने हे तत्त्व मान्य केले. 1956 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या योजनेने त्याचा अधिक तपशील मांडला. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात ठराव झाला, की राज्यांनी कमाल जमीनधारणेचे कायदे त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत पुरे करावेत. मद्रास राज्याचे विधेयक पुढे आले ते 6 एप्रिल 1960 रोजी. कायदा 1961 चा म्हणून ओळखला जातो; परंतु कमाल धारणा मोजण्यासाठी अधिसूचित झालेला दिवस होता 2 ऑक्टोबर 1962. पहिल्या अहवालापासून त्या दिवसापर्यंत तेरा वर्षे आणि विधेयकापर्यंत जवळजवळ अकरा वर्षे गेली होती.

या काळात शासनाने काहीही लपवून ठेवले नव्हते. अहवाल छापले जात होते, योजना प्रसिद्ध होत होत्या, ठरावांवर वर्तमानपत्रांत अग्रलेख लिहिले जात होते. लोकशाहीत असेच व्हावयास हवे. मात्र जो मजकूर नागरिकाच्या माहितीसाठी छापला जात होता, तोच मजकूर जमीनमालकही वाचत होता आणि त्याला ठाऊक होते, की हा कायदा आपल्यासाठीच येत आहे.

योगायोग असा, की ज्या वर्षाचे नाव या कायद्याला मिळाले त्याच 1961 मध्ये जॉन म्यूथ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यातून पुढे 'विवेकनिष्ठ अपेक्षांचा सिद्धांत' विकसित झाला. त्यापूर्वीचे अर्थशास्त्र बहुधा असे मानी, की लोक उद्याचा अंदाज कालच्या अनुभवावरून बांधतात. गेल्या वर्षी भाव चढा होता, म्हणून यंदाही चढा राहील असे शेतकरी समजतो. म्यूथचे म्हणणे होते, की माणूस केवळ मागे पाहत नाही. हाती असलेली सर्व माहिती तो वापरतो. पीकपाण्याची, बाजाराची आणि शासन काय करू पाहत आहे याचीही. एखाद्याचा अंदाज चुकेल, पण सर्वांचे अंदाज मिळून सतत एकाच दिशेने चुकत राहणार नाहीत. कारण चुकण्यात तोटा असतो आणि तोटा माणसाला शिकवतो.

पुढे रॉबर्ट लुकास यांनी हा विचार शासकीय धोरणाला लावला. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील मुख्य मुद्दा असा : धोरण आखणारे जुन्या आकडेवारीवरून लोक कसे वागतात याचे गणित मांडतात आणि त्या गणितावरून नव्या धोरणाचा परिणाम वर्तवितात. पण ती आकडेवारी जुन्या नियमांखालच्या वागण्याची असते. नियम बदलला, किंवा बदलणार असे दिसू लागले, की वागणेच बदलते आणि गणित निरुपयोगी होते. लुकास यांना 1995 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यासमोर प्रामुख्याने चलनपुरवठा आणि महागाईचे प्रश्न होते. सरकार अधिक पैसा बाजारात आणणार हे आधीच कळले, तर कामगार वेतन आणि दुकानदार भाव आधीच वाढवून मागतात. मग रोजगार वाढण्याऐवजी केवळ महागाई वाढते. तंजावूरचा प्रश्न चलनाचा नव्हता, पण त्याचा गाभा हाच होता.

एका काल्पनिक कुटुंबाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. तिरुवैयारु परिसरातील एका मिरासदाराकडे 1955 साली 90 स्टँडर्ड एकर स्वकष्टार्जित जमीन होती असे समजू. 'स्टँडर्ड एकर' हे कायद्याचे माप होते. उत्तम ओलिताची जमीन आणि कोरडवाहू जमीन सारखी धरता येत नाही, म्हणून सारा-आकारणीवरून सर्व जमीन एका समान मापात आणली जाई. घरात पती, पत्नी आणि तीन अल्पवयीन मुले, असे कायद्याच्या व्याख्येतील पाच जणांचे कुटुंब. शिवाय एक सज्ञान मुलगा. पाच जणांच्या कुटुंबाला मर्यादा होती 30 स्टँडर्ड एकर. जुन्या नोंदवहीवर बोट ठेवून शासनाचा कारकून हिशेब करील : 90 वजा 30, म्हणजे 60 एकर अतिरिक्त. एकेका भूमिहीन कुटुंबाला दोन एकर दिले तरी तीस कुटुंबे जमीनदार होतील.

आता हाच मिरासदार वर्तमानपत्र वाचतो आणि तंजावूरला किंवा कुंभकोणमला जाऊन वकिलाचा सल्ला घेतो. सज्ञान मुलगा कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे; त्याला 25 एकरांचे बक्षीसपत्र करून दिले जाते. कुटुंबातील स्त्रीला स्त्रीधन म्हणून 10 स्टँडर्ड एकरांपर्यंतची जमीन मर्यादेबाहेर ठेवता येते. तेवढी पत्नीच्या नावे केली जाते. सार्वजनिक स्वरूपाच्या धार्मिक न्यासांच्या जमिनींना सूट आहे; 10 एकर देवस्थानाला अर्पण होतात, आणि न्यासाचा विश्वस्त म्हणून कारभार त्याच घराण्याकडे राहतो. उरलेल्यांपैकी 15 एकर विकले जातात, काही नात्यात आणि काही ऐपतदार कुळाला. 25, 10, 10 आणि 15 मिळून 60 होतात. मिरासदाराकडे राहतात नेमके 30 एकर. 1962 मध्ये अधिकारी मोजणीला येतो तेव्हा अतिरिक्त जमीन शून्य असते. कायद्याचा भंग कोठेही झालेला नसतो. प्रत्येक दस्त नोंदलेला, मुद्रांक लावलेला आणि साक्षीदारांच्या सह्यांचा असतो.

कारकुनाचा 60 हा आकडा जुन्या नोंदीप्रमाणे अचूकच होता. तो चुकला, कारण ज्या जमिनीविषयी तो होता ती जमीन त्या आकड्याची वार्ता ऐकून हलली होती. लुकास यांनी पुढे सूत्ररूपाने मांडलेली गोष्ट ती हीच.

शासनाला हे ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मद्रासच्या कायद्याने विधेयकाचाच दिवस, 6 एप्रिल 1960, हा प्रारंभाचा दिवस मानला. त्यानंतर आणि 2 ऑक्टोबर 1962 पूर्वी झालेले हस्तांतर कायद्याच्या हेतूला बाध आणणारे ठरल्यास ते रद्द घोषित करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. महाराष्ट्राच्या 1961 च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. तेथे मागची तारीख होती 4 ऑगस्ट 1959, आणि कायद्याच्या अपेक्षेने किंवा त्याचा हेतू विफल करण्यासाठी केलेल्या हस्तांतरांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. अर्थशास्त्राने या कल्पनेला नाव देण्याच्या सुमारास कायद्याच्या मसुद्यात 'अपेक्षा' हा शब्द येऊन बसला होता, ही बाब बोलकी आहे. परंतु मागची तारीख 1960 पर्यंतच मागे जाऊ शकली. वार्ता फुटली होती 1949 मध्ये. मधल्या दहा-अकरा वर्षांतील वाटण्या आणि बक्षीसपत्रे वैधच राहिली.

विलंबही तेथे संपला नाही. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासचा हा कायदा घटनाबाह्य ठरविला. त्याच वर्षी सतराव्या घटनादुरुस्तीने त्याला नवव्या परिशिष्टात स्थान देऊन संरक्षण द्यावे लागले. 1970 मध्ये मर्यादा 30 वरून 15 स्टँडर्ड एकरांवर आणली गेली. एकदा 30 वर आलेली मर्यादा आणखी खाली येऊ शकते, हा अंदाज बांधणे तोवर कोणाही जाणत्या मालकाला अवघड राहिले नव्हते.

मग वार्ता न फुटू देता धोरण आणले तर? याचे उदाहरणही तंजावूरनेच पाहिले आहे. ऑगस्ट 1952 मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाच्या काळात तंजावूर जिल्ह्यासाठी कुळे आणि पण्णैयाळ यांना संरक्षण देणारा वटहुकूम निघाला. विधेयक नाही, चर्चा नाही, एकदम अंमल. मजुराला कामावरून काढणे आणि कुळाला जमिनीवरून उठविणे यांवर निर्बंध आले. उत्पन्नातील कुळाचा किमान वाटा दोन-पंचमांश ठरला. पहिला धक्का अनपेक्षित असल्यामुळे परिणामकारक होता. परंतु संरक्षण 'पण्णैयाळ' या नात्याला होते. नवा माणूस त्या नात्याने कामावर ठेवलाच नाही, रोजंदारीवर बोलावला, तर संरक्षणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढील वर्षांत पण्णैयाळ पद्धत झपाट्याने मागे पडली आणि रोजंदारी वाढली. जुन्या बंधनातून मजूर सुटला हे खरे. पण वर्षभराच्या कामाची जी शाश्वती त्या बंधनात होती तीही सुटली. अचानकपणाचा लाभ एकदाच मिळतो. दुसऱ्या हंगामापासून नवा नियम ही सर्वांना माहीत असलेली गोष्ट होते आणि लोक तिच्याभोवती आपला व्यवहार बेततात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कायद्यापूर्वी झालेले प्रत्येक हस्तांतर कायद्याच्या भीतीनेच झाले असे मानणे चुकीचे ठरेल. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनी 1961-62 मध्ये तिरुवैयारु परिसरातील एका गावात राहून अभ्यास केला आणि त्या गावाला 'श्रीपुरम' असे टोपणनाव दिले. त्यांना दिसले, की शिक्षण आणि नोकरीसाठी शहराकडे जाणारी ब्राह्मण मिरासदार घराणी जमिनी विकत होती आणि जमीन बाजारात येऊ लागली होती. कायद्याचा विचार मनात नसलेला माणूसही त्या काळात जमीन विकत असे. मग भीतीने झालेले हस्तांतर ओळखावे कसे? तीन खुणा उपयोगी पडतात. पहिली तारखांची : दस्तांची संख्या एखाद्या ठरावानंतर वा अंतिम मुदतीआधी एकाएकी वाढलेली दिसते. दुसरी नात्याची : घेणारे मुलगे, जावई, भाऊ किंवा घरचाच न्यास असतात. तिसरी, सर्वांत विश्वसनीय, शेतावरची : कागदावरचा मालक बदलतो, पण सुगीच्या वेळी खळ्यावर उभा राहून धान्य मोजून घेणारा माणूस बदलत नाही. काल्पनिक उदाहरणातील ऐपतदार कुळाने पैसे मोजून घेतलेली जमीन या तिसऱ्या कसोटीवर खरी ठरते. तेथे अपेक्षेने कायद्याचे काम थोडेफार आधीच करून टाकलेले असते, जरी भूमिहीनाच्या वाट्याला त्यातून काही आले नाही तरी.

या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव सिद्धांतही पुरती सांगत नाही. म्यूथ आणि लुकास यांच्या मांडणीत अपेक्षा करणारे 'लोक' असतात, आणि त्यांना सर्वांना साधारण सारखीच माहिती असते. तिरुवैयारुच्या शिवारात तसे नव्हते. मिरासदाराकडे वर्तमानपत्र, वकील, दस्त आणि दहा वर्षे होती. कुळाकडे बहुधा तोंडी करार होता. 1955 च्या मद्रासच्या कायद्याने 1 डिसेंबर 1953 रोजी जमीन कसणाऱ्या आणि नंतर काढल्या गेलेल्या कुळाला परत येण्याचा हक्क दिला. पण त्या दिवशी आपण जमीन कसत होतो हे तोंडी कराराच्या आधारे सिद्ध करणे सोपे नव्हते. महाराष्ट्रातही याहून वेगळे घडले नाही. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी मुंबई राज्याच्या 1948 च्या कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1957 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अहवालात, कुळांनी जमिनी 'स्वेच्छेने' परत केल्याची प्रकरणे मोठ्या प्रमाणावर आढळली आणि त्या स्वेच्छेविषयी गंभीर शंका व्यक्त झाली. कायद्याची चाहूल दोघांनाही लागली होती. तिच्यावर कृती करण्याची साधने मात्र एकाच्याच हाती होती.

या विषमतेची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. तंजावूर जिल्ह्यातील शेतमजुरांचा मोठा वर्ग, विशेषतः दलित समाज, कमाल धारणेच्या कायद्यानंतरही भूमिहीनच राहिला. जमीन मिळाली नाही तेव्हा त्याचा लढा मजुरीच्या दरावर येऊन ठेपला. त्याच लढ्याच्या काळात, 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे 44 दलित स्त्री-पुरुष आणि मुले एका झोपडीत जाळली गेली. कायद्याच्या हिशेबातील हरवलेल्या एकरांचा आणि त्या रात्रीचा संबंध सरळ रेषेने जोडता येत नाही. पण ती माणसे जमिनीविना होती, हे त्या घटनेच्या पार्श्वभूमीतले मूलभूत सत्य आहे.

कुळांच्या हक्कांची नोंद करण्याचा स्वतंत्र कायदा तमिळनाडूत झाला तो 1969 मध्ये. कोण कोणती जमीन कसतो याची अधिकृत नोंदवही तयार करणे हे त्याचे काम. हीच नोंद 1949 मध्ये, मर्यादेचा पहिला शब्द छापला जाण्यापूर्वी, घेतली गेली असती तर? मालकांनी दस्त केलेच असते, मुलांच्या नावे जमिनी गेल्याच असत्या. पण खळ्यावरच्या माणसाचे नाव आधीच वहीत असते, आणि कागदावरचा मालक कितीही बदलला तरी कसणाऱ्याचा हक्क त्याच्याबरोबर हलला नसता. घोषणा आधी झाली आणि नोंद वीस वर्षांनी. मधल्या वीस वर्षांत ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी आपापली नोंद स्वतः करून घेतली.